बुटाचा सोल पुढच्या टोकाला सुटतो : कोणते सोल्यूशन, कशी तयारी, किती दाब?

गोदाकाठ_गंगाखेड

नमस्कार मंडळी. माझ्या काळ्या ऑफिसच्या बुटांपैकी डाव्या बुटाचा सोल अंगठ्याच्या टोकापासून सुटू लागला असून, आता तर्जनीची दोन पेरे सहज आत जातील एवढी फट पडली आहे. उजवा बूट मात्र जसाच्या तसा आहे. अप्पर चामड्याचे आहे. सोल काळा, एकसंध आणि वजनाने जडसर आहे. तो रबराचा की आणखी कशाचा, हे मला ओळखता येत नाही. मागच्या महिन्यात बाजारात चिकटवून घेतला होता, पण पंधरवडाही टिकला नाही. बूट बाकी सर्व बाजूंनी उत्तम असल्यामुळे टाकून द्यावासा वाटत नाही.

माझे प्रश्न असे : या जागी कोणता चिकटवणारा पदार्थ खरोखर टिकतो? चिकटवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभागांची तयारी नेमकी कशी करावी? आणि टोक गोलाकार असताना त्यावर दाब कसा द्यावा व किती वेळ ठेवावा?

लालपरीचा_प्रवासी

फेव्हिक्विकचे दोन थेंब सोडून अर्धा मिनिट दाबून धरावे. मी चपलेचा अंगठा असाच चिकटवला असून तो व्यवस्थित चालू आहे. एवढ्याशा कामासाठी फार खटाटोप करण्याची गरज नाही.

टाका_आणि_रापी

मी लातूरला पादत्राण दुरुस्तीचे काम करतो; वडिलांच्या हाताखाली शिकलो आणि आता दुकान माझ्याकडे आहे. लालपरीचा_प्रवासी यांचे म्हणणे त्यांच्या चपलेपुरते बरोबर असू शकते, कारण चपलेचा अंगठा ज्या जागी बसवलेला असतो तेथे सोल फारसा वाकत नाही. बुटाचे टोक आणि चवडा यांच्यामधला पट्टा मात्र प्रत्येक पावलाला वाकतो. फेव्हिक्विक वाळल्यावर काचेसारखे कडक होते, त्यामुळे सोल वाकला की तो थर तडकतो. त्याहून मोठी अडचण पुढे येते. तो कडक थर दोन्ही बाजूंना तसाच राहतो आणि त्यावर नंतर कितीही चांगले सोल्यूशन लावले तरी ते बुटाला न चिकटता त्या थराला चिकटते. असे बूट माझ्याकडे आले की चिकटवण्यापेक्षा खरवडण्यातच जास्त वेळ जातो.

गोदाकाठ, सोल्यूशन कोणते हे विचारण्याआधी आपण एक गोष्ट पाहून सांगा. फट अलगद उघडा, उजेडात धरा आणि जुने सोल्यूशन कोणत्या बाजूला राहिले आहे ते बघा. ते सगळे अप्परच्या बाजूला राहून सोल स्वच्छ, गुळगुळीत निघाला असेल, तर सोलने सोल्यूशनला धरलेच नव्हते. ते सगळे सोलवर असेल आणि अप्परच्या बाजूला नुसते चामडे दिसत असेल, तर चामड्याची वरची गुळगुळीत कातडी खरवडली गेली नव्हती किंवा पॉलिशचे मेण तसेच राहिले होते. दोन्ही बाजूंना थोडे थोडे फाटून राहिले असेल, तर चिकट बसली होती, पण सोल्यूशनच कच्चे, जुने किंवा पातळ केलेले होते. या तिन्ही दुखण्यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत. हे न पाहता जो सोल्यूशनचे नाव सांगतो, तो अंदाजाने सांगतो.

गोदाकाठ_गंगाखेड

आपण सांगितल्याप्रमाणे खिडकीपाशी नेऊन पाहिले. अप्परच्या बाजूला पिवळसर, पातळ पापुद्रा सलग चिकटलेला आहे आणि नखाने खरवडूनही तो सहज निघत नाही. सोलच्या बाजूला मात्र काहीही नाही. ती बाजू काळीभोर असून तिच्यावर चकाकी आहे, आणि साच्यात ओतताना उमटलेल्या बारीक रेघाही स्पष्ट दिसतात. फटीच्या अगदी आतल्या टोकाला बोट लावल्यावर तिथला पापुद्रा जरा मऊ आणि चिकट लागला. तिथे थोडी धूळही साचलेली आहे.

टाका_आणि_रापी

मग निदान जवळजवळ झाले. साच्यातल्या रेघा अजून दिसतात, म्हणजे तो सोल कधी खरवडलाच गेला नाही. कारखान्यातही नाही आणि मागच्या महिन्यात चिकटवणाऱ्यानेही नाही. चकाकी असलेल्या सोलवर साचा सुटावा म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंशही राहिलेला असतो. राहिला प्रश्न पापुद्रा मऊ का झाला याचा. सोल पीव्हीसीचा असेल तर असे होते, आणि वजनाने जड आहे असे आपण म्हणता, त्यामुळे मला तोच संशय येतो. याबद्दल अधिक नेमके कोणी सांगू शकेल तर बरे.

प्रयोगवही

मी छत्रपती संभाजीनगरला महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून लिहिते. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला बुटाच्या सोलइतके लवचीक करण्यासाठी त्यात तेलासारखे द्रव पदार्थ मोठ्या प्रमाणात मिसळलेले असतात. ते प्लॅस्टिकला रासायनिक बंधाने जोडलेले नसतात, त्यामुळे हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहतात आणि शेजारी जो थर असेल त्यात शिरतात. आपल्याकडे मोची आणि सुतार जे पिवळसर रबरी सोल्यूशन वापरतात, ते निओप्रिन नावाच्या कृत्रिम रबरापासून केलेले असते. हे तेलकट पदार्थ त्यात मुरले की ते मऊ पडते आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याची पकड जाते. बोटाला जो चिकटपणा लागला तो याच कारणाने असावा. पॉलियुरेथेनचे, म्हणजे ज्याला बाजारात पीयू सोल्यूशन म्हणतात ते, या तेलापुढे बरेच टिकून राहते.

सोल पीव्हीसीचा आहे का, हे ओळखण्याची एक जुनी चाचणी आहे. तांब्याची तार पक्कडीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावी, ज्योतीचा रंग साधा झाला की ती गरम तार सोलच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी टेकवावी आणि तारेला लागलेला कण पुन्हा ज्योतीत धरावा. ज्योत स्पष्ट हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे सोल बहुधा पीव्हीसीचा आहे. ही चाचणी उघड्या अंगणात करावी, कारण निघणारा धूर नाकाला झोंबणारा आणि अपायकारक असतो. तार सोलच्या त्या भागावर टेकवावी ज्यावर जुने सोल्यूशन लागलेले नाही, कारण निओप्रिनमध्येही क्लोरीन असते आणि त्यामुळे निष्कर्ष फसतो. मुख्य म्हणजे सोल्यूशनचा डबा उघडण्याआधी ही चाचणी संपवावी, ज्योत विझवावी आणि मगच पुढचे काम करावे.

काळी_रान_सेलू

माझाही हाच प्रश्न आहे, म्हणून इथेच विचारतो. शेतात वापरायचे जाड सोलचे बूट दोन वर्षे कपाटात ठेवले होते. यंदा पेरणीला काढले, तर पहिल्याच दिवशी सोल पुढून सुटला. काळ्या रानातला चिखल सोलला धरतो, पाय उचलताना ओढ बसते, त्यामुळे सुटला असावा. सोलची आतली बाजू केकच्या चुऱ्यासारखी हातात येते. यालाही पीयू सोल्यूशनच लावू का?

टाका_आणि_रापी

काळी_रान, आपला प्रश्न वरवर सारखा दिसतो, पण दुखणे निराळे आहे. हातात चुरा येतो, याचा अर्थ सोल स्वतःच कुजला आहे. पॉलियुरेथेनच्या फोमचे हलके सोल हवेतल्या ओलाव्याने आतून तुटत जातात आणि बूट न वापरता ठेवला तरी ही क्रिया थांबत नाही. अंगठ्याचे नख सोलमध्ये रोवून पाहा. खड्डा पडून परत भरून येत नसेल किंवा चुरा निघत असेल, तर कोणतेही सोल्यूशन त्या चुऱ्यालाच चिकटेल आणि चुऱ्यासकट निघून येईल. अप्पर चांगले असेल तर जुना सोल पूर्ण काढून रबराचा नवा सोल बसवून घ्या. चिखलाची ओढ बसते हे खरे आहे. आपल्याकडच्या मातीत पावसाळ्यात टोक सुटलेले बूट माझ्याकडे बरेच येतात, पण त्या बुटांचा सोल हाताला शाबूत लागतो.

प्रयोगवही

काळी_रान यांच्या प्रश्नामुळे एक घोटाळा होऊ नये म्हणून जोडते. पीयूचा सोल आणि पीयूचे सोल्यूशन या दोन गोष्टी एकाच कुळातल्या असल्या, तरी फोमचा सोल कुजतो म्हणून ते सोल्यूशनही तसेच कुजेल असे समजू नये. चिकटवण्यासाठी जे वापरतात त्याची घडण वेगळी असते, आणि वाळल्यावर ते घट्ट, पातळ थराच्या रूपात असते.

ज्वारीची_पिशवी

मी जालन्याची. घरात शाळेत जाणारी तीन मुले असल्याने टोक सुटलेले बूट माझ्या घरी दर पावसाळ्यात असतातच, म्हणून माझा अनुभव लिहिते. सोल्यूशन लावल्यावर लगेच दाबायचे असते, असे पुष्कळांना वाटते. दोन्ही बाजूंना लावून वाळू द्यायचे आणि मग जोडायचे, हे मला दुकानदाराने सांगितल्यावर माझी निम्मी अडचण संपली. दुसरी गोष्ट पावसाची. जुलैमध्ये भर पावसात मी लावलेल्या थरावर दुधासारखी पांढुरकी झाक आली आणि जोडल्यावर ती जागा अजिबात धरली नाही. त्याच डब्यातले सोल्यूशन उघडीप पडल्यावर लावले तर उत्तम बसले. याचे कारण कोणी सांगेल का?

दाबासाठी मी जाड कापडाच्या लहान पिशवीत ज्वारी भरून ती बुटाच्या टोकात ठासते आणि बाहेरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळते. ज्वारी बुटाच्या आतल्या गोलाईत नेमकी बसते. वर्तमानपत्राचा बोळा दाबला की चपटा होतो. ज्वारीचे तसे होत नाही.

प्रयोगवही

ज्वारीची_पिशवी ताई, सोल्यूशनमधला द्रव उडून जाताना पृष्ठभाग गार करतो. हवेत ओलावा भरपूर असेल तर त्या गार पृष्ठभागावर बारीक दव जमते, तीच ती पांढुरकी झाक. दवाचा थर मध्ये आला की दोन्ही बाजूंचे सोल्यूशन एकमेकांत मिसळत नाही. अशा वेळी ड्रायरची कोमट हवा लांबून द्यावी, झाक जाऊन थर पुन्हा पारदर्शक दिसू लागला की मग जोडावे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नेमके उलट होते. दुपारी पारा चाळिशीच्या पुढे असताना थर इतक्या लवकर सुकतो की वरून कोरडी साय धरते आणि जोडण्याची वेळ टळून जाते. उन्हाळ्यात हे काम सकाळी करणे बरे.

पंक्चरवाला_औसा

सायकल-मोटारसायकलच्या पंक्चरचे जे सोल्यूशन मिळते, ते रबरासाठीच बनवलेले आहे. सोल रबराचा असेल तर तेच का वापरू नये? नळी स्वस्तात मिळते, शिवाय घासून, लावून, वाळू देऊन मग जोडायचे, ही पद्धतही तीच आहे.

टाका_आणि_रापी

पद्धत तीच आहे हे आपण अगदी बरोबर सांगितले आणि ज्यांनी हाताने पंक्चर काढले आहे, त्यांना बुटाचे काम समजावून सांगायला वेळ लागत नाही. पण पंक्चरच्या ठिगळाची खालची बाजू त्या सोल्यूशनशी एकजीव होण्यासाठी खास तयार केलेली असते आणि ट्यूबमधली हवा ते ठिगळ सतत टायरवर दाबून धरते. बुटात एका बाजूला रबर आणि दुसऱ्या बाजूला चामडे असते, आणि तिथली ओढ सोलून काढणारी असते. केळ्याचे साल सोलताना सगळा जोर एका रेघेवर येतो, तसा बुटाच्या टोकावर सगळा जोर फटीच्या शेवटच्या रेघेवर येतो. पंक्चरचे सोल्यूशन नैसर्गिक रबराचे आणि पातळ असते, त्याला ही ओढ झेपत नाही. पीव्हीसीवर तर ते बसणारच नाही.

गोदाकाठ_गंगाखेड

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांसोबत अंगणात तारेची चाचणी केली. ज्योत हिरवी झाली, त्यात शंका घेण्यासारखे काही नव्हते. म्हणजे सोल पीव्हीसीचा आहे असे धरतो.

आता डावाच बूट का सुटला, याचेही उत्तर हवे आहे. मी रोज मोटारसायकलने जातो, याचा काही संबंध असेल का?

पंक्चरवाला_औसा

याचे उत्तर मी देऊ शकतो. गिअर डाव्या पायाने टाकतात आणि साइड स्टँडही डाव्याच पायाने पाडतात व उचलतात. गाडीवर बसलेल्या माणसाच्या पायाकडे पाहिले तर दिसते की स्टँड ढकलताना बुटाच्या टोकाची बाहेर आलेली कडा स्टँडच्या दांड्यात अडकते आणि सोल अप्परपासून दूर ओढला जातो. मधला मोठा स्टँड किंवा टाच वापरली तर टोक वाचते. बूट चिकटवल्यावर पहिले दोन दिवस तरी हे पथ्य पाळावे.

टाका_आणि_रापी

पंक्चरवाला_औसा यांनी सांगितलेले कारण मला पटते. डाव्या टोकाचे काम माझ्याकडे उजव्याहून जास्त येते आणि त्यातले बरेच जण मोटारसायकलवाले असतात.

आता गोदाकाठ यांच्या बुटाचे काम क्रमाने सांगतो. पीयू सोल्यूशन घ्यावे. पादत्राणांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानात ते सुटेही मिळते. तिथे हार्डनर वेगळा देत असतील तर तोही घ्यावा. त्याचे प्रमाण डब्यावर लिहिलेले असते. साधारणपणे शंभर भाग सोल्यूशनला तीन ते पाच भाग असे असते. लागेल तेवढेच वाटीत काढून मिसळावे, कारण मिसळलेले सोल्यूशन काही तासांत वाया जाते.

पहिली पायरी म्हणजे फट आणखी उघडणे. हे बहुतेकांना नको वाटते, पण जिथे पापुद्रा मऊ लागतो तिथली पकड आधीच गेलेली असते आणि ती तशीच ठेवून पुढचे चिकटवले तर नवी फट तिथूनच सुरू होते. बोथट पट्टी घालून जिथे सोल खरोखर घट्ट लागतो तिथपर्यंत हळूहळू उघडावे आणि आत एक काडी आडवी अडकवून फट उघडी ठेवावी.

दुसरी पायरी खरवडण्याची. सोलच्या बाजूला साठ किंवा ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर अरुंद पट्टीवर गुंडाळून चालवावा. चकाकी पूर्ण जाऊन सगळीकडे सारखा राखाडी, मॅट रंग दिसला पाहिजे. साच्याची एखादी रेघ जरी चमकत राहिली तरी ती जागा धरणार नाही. अप्परच्या बाजूचा पिवळा पापुद्रा निओप्रिनचा आहे, म्हणून तो पूर्ण काढून खाली चामड्याचे बारीक तंतू उभे राहिलेले दिसेपर्यंत खरवडावे. तंतू उभे राहिल्यावर मात्र थांबावे. चामडे पातळ होऊन शिलाईचा दोरा कापला गेला तर नवीच दुरुस्ती निघते. बाहेरच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावली तर दिसणारा भाग ओरखडत नाही.

त्यानंतर धूळ ब्रशने झाडावी. फुंकर मारू नये, कारण तोंडातला ओलावा आत जातो. सोलवर ॲसिटोनने ओलसर केलेले पांढरे कापड एकाच दिशेने एकदाच फिरवावे. कापडावर काळे येत असेल तर नव्या कापडाने पुन्हा एकदा पुसावे, पण सोल भिजवू नये, कारण जास्त ॲसिटोन पीव्हीसीला मऊ पाडते. पुसल्यावर अर्धा तास मोकळे ठेवावे आणि त्या जागेला पुन्हा बोट लावू नये. बोटाचे तेलही नडते.

ज्वारीची_पिशवी

टाका_आणि_रापी, सोल कशाचा आहे हे कळले नाही तर ॲसिटोन चालेल का? मुलांच्या बुटांचे सोल हलके आणि रबरासारखे ताणले जाणारे असतात.

टाका_आणि_रापी

चांगले विचारलेत. ते बहुधा टीपीआरचे, म्हणजे रबरासारख्या प्लॅस्टिकचे असतात, आणि त्यावर अशी द्रावणे लावली तर पृष्ठभाग विरघळून चिकट होऊ शकतो. ओळख पटली नसेल तेव्हा फक्त खरवडावे, कोरड्या ब्रशने झाडावे आणि फार तर स्पिरिटने हलके पुसावे. टीपीआर आणि ईव्हीए फोम या दोघांना कारखान्यात आधी खास प्रायमर लावतात. तो न लावता घरी केलेले काम किती टिकेल, हे मी छातीठोकपणे सांगत नाही.

आता गोदाकाठ यांच्या बुटाकडे परत येतो. चामडे सोल्यूशन पिते, म्हणून अप्परवर आधी एक पातळ हात द्यावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा. मग दुसरा हात अप्परवर आणि पहिला हात सोलवर एकाच वेळी द्यावा. जाड थर लावण्याचा मोह टाळावा. जाड थराच्या आत द्रव अडकून राहतो आणि तो भाग कित्येक दिवस मऊ राहतो. दहा ते वीस मिनिटांनी बोटाची मागची बाजू टेकवून पाहावी. हलकी ओढ जाणवली पाहिजे, पण बोटाला काही लागता कामा नये. नंतर ड्रायरची गरम हवा दोन्ही थरांवर फिरवावी. पीयू सोल्यूशन ऊब मिळाली की पुन्हा जागे होते, आणि जोडण्याची खरी वेळ तीच असते.

काडी काढून आतल्या कोपऱ्यापासून टोकाकडे येत जोडावे, म्हणजे हवा बाहेर ढकलली जाते. थर एकदा टेकले की सरकवता येत नाहीत, म्हणून सोलची कडा आणि अप्परची कडा कुठे जुळायची, याची खूण चिकटपट्टीवर आधीच करून ठेवावी.

अभियंता_नांदेड

येथपर्यंत सर्व मान्य आहे, पण दाबाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मी बांधकाम क्षेत्रात असल्याने लोखंडी सी-क्लॅम्प जवळ असतात. बूट क्लॅम्पमध्ये घट्ट आवळून दोन दिवस ठेवला तर काम जास्त पक्के होईल असे मला वाटते. जितका दाब आणि जितका वेळ, तितकी पकड चांगली.

टाका_आणि_रापी

लाकूडकामातल्या पांढऱ्या फेव्हिकॉलसाठी आपले म्हणणे योग्य आहे, कारण तो ओला असताना जोडतात आणि वाळेपर्यंत दाबून धरावा लागतो. सोल्यूशन मात्र वाळवून मग जोडतात, म्हणून त्याची पकड जोडण्याच्या क्षणी किती जोर पडला यावर ठरते. नंतर किती वेळ आवळले याला दुय्यम महत्त्व आहे. बूट लोखंडी ठोकळ्यावर उपडा ठेवून आम्ही चवड्यापासून टोकाकडे आणि मधून कडांकडे हातोडीचे लहान लहान ठोके देतो. घरी ठोकळा नसेल तर ताईंची ज्वारीची पिशवी आत ठासून, सोलवर लाकडाचा तुकडा ठेवून त्यावर ठोकावे.

सी-क्लॅम्पची अडचण अशी की तो एका बिंदूवर दाबतो आणि बुटाचे टोक गोल व वर उचललेले असते. मधला बिंदू चेपला जातो आणि कडा उलट किंचित उघडतात. टोक सुटायला कडेपासूनच सुरुवात होते.

अभियंता_नांदेड

एका बिंदूवर दाब पडतो हा मुद्दा मान्य. मात्र टोकाला सोल वर वळलेला असतो आणि तो परत सरळ होऊ पाहतो, म्हणजे ठोकल्यानंतरही त्या जागी सतत ताण राहतो. त्यामुळे हार्डनर पूर्ण काम करेपर्यंत काहीतरी बांधून ठेवणे मला आवश्यक वाटते, क्लॅम्प नाही तरी दुसरे काही.

टाका_आणि_रापी

हे आपण बरोबर पकडले आणि मी ते वर लिहायला हवे होते. ठोके दिल्यावर ट्यूबची पट्टी गुंडाळून एक दिवस ठेवणे या कारणासाठी योग्यच आहे. पट्टी टोकावरून सुरू करून प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल असा चवड्यापर्यंत न्यावा. ताण इतकाच असावा की कडेतून सोल्यूशन बाहेर पिळून येणार नाही. चोवीस तास बूट घालू नये, आणि भिजवणे किंवा स्टँड पाडणे दोन दिवस टाळावे.

लालपरीचा_प्रवासी

एवढे सगळे करण्यापेक्षा टोकाला चार टाके घालून घेतले तर काम कायमचे होणार नाही का?

टाका_आणि_रापी

सोलची कडा अप्परवर उभी चढलेली असेल तर त्या कडेतून टाका घालता येतो, आणि तो चांगला टिकतो. गोदाकाठ यांच्यासारख्या सपाट, पातळ कडेच्या सोलला टाका बाहेरून चालण्याच्या बाजूला येतो, दोरा झिजतो आणि भोकांतून पाणी आत जाते. माझे वडील अशा सोललाही खाचा पाडून टाका घालत आणि दोरा त्या खाचेत बुडवत. मी पीव्हीसीवर ते करत नाही, कारण पातळ पीव्हीसी थंडीत टाक्याच्या रेघेवर फाटताना मी पाहिले आहे. यावर आमच्या धंद्यातही दोन मते आहेत.

प्रयोगवही

एक विनंती. ॲसिटोन आणि सोल्यूशन दोन्ही झटकन पेटणारी आहेत. स्वयंपाकघरात, गॅसच्या किंवा देवघरातल्या समईच्या जवळ हे काम करू नये. ड्रायर वापरताना डबा बंद करून लांब ठेवावा आणि खिडक्या उघड्या असाव्यात. मुले आसपास नसावीत.

गोदाकाठ_गंगाखेड

सर्वांचे मनापासून आभार. टाका_आणि_रापी यांनी दिलेल्या क्रमाने काम केले, ते सविस्तर लिहितो. फट वरून दोन पेरांची दिसत होती, पण पट्टी घालून उघडत गेल्यावर चवड्याच्या अलीकडेपर्यंत पापुद्रा मऊच निघाला. त्यामुळे जवळजवळ संपूर्ण पुढचा भाग उघडावा लागला. सोल खरवडताना मधला भाग लवकर राखाडी झाला, मात्र करंगळीच्या बाजूच्या वळणात पट्टी नीट बसत नव्हती. तिथे पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून घासले. ॲसिटोनचे पहिले कापड काळे झाले, दुसरे जवळजवळ पांढरे निघाले. ड्रायरची हवा दिल्यावर सोल्यूशनचा थर मंद चकाकू लागला आणि टेकवताक्षणी त्याने अशी पकड घेतली की किंचित तिरपे गेले असते तरी सोडवता आले नसते. कडेची खूण केली नसती तर टोक नक्कीच बाजूला गेले असते.

त्यानंतर पावसाचे काही आठवडे बूट रोज वापरला. टोकावर आणि अंगठ्याच्या बाजूला नख घालून पाहतो तर कुठेही शिरत नाही. करंगळीच्या बाजूच्या वळणात मात्र कागदाची कडा जाईल एवढी बारीक भेग दिसते आहे. ती वाढलेली नाही, पण बंदही नाही. तेवढ्याच जागेत सोल्यूशन भरावे, की तो कोपरा पुन्हा उघडून खरवडावा?

टाका_आणि_रापी

भेगेत नुसते सोल्यूशन भरू नये. आतला भाग खरवडल्याशिवाय ते धरणार नाही, आणि बाहेरचा द्रव आत झिरपून शेजारची चांगली पकड मऊ करेल. भेग किती खोल आहे ते आधी मोजा. पोस्टकार्डाचा तुकडा सरकवून पाहा. तो नखाच्या जाडीपेक्षा आत जात नसेल तर सध्या काही करू नका, फक्त चिखलातून आल्यावर तिथली माती ओल्या कापडाने काढून बूट सावलीत वाळवा. उन्हात, फरशीवर किंवा पत्र्यावर ठेवू नका. कार्ड त्याहून आत जात असेल तर तेवढा कोपरा उघडा.

अभियंता_नांदेड

मला वाटते वळणात ट्यूबची पट्टी पुरेसा दाब देत नाही, कारण तिथे अप्पर आत वळलेले असते आणि पट्टी त्यावरून पुलासारखी जाते. पट्टीखाली त्या जागी रबराचा एखादा लहान तुकडा पाचर म्हणून ठेवून पाहायला हवे. ज्वारीची_पिशवी ताईंनी हे कधी केले आहे का?

ज्वारीची_पिशवी

रबराचा तुकडा नाही ठेवला, पण धाकट्याच्या बुटाला त्याच जागी जुन्या स्लिपरचा पट्टा घडी करून दिला होता. तिथली कडा अजून बसलेली आहे. त्या बुटाचा सोल टीपीआरचा आहे आणि टाका_आणि_रापी यांना त्याबद्दल शंका होती, म्हणून पावसाळा संपेपर्यंत मी निष्कर्ष काढणार नाही. दिवाळीच्या सुटीत परत येऊन लिहीन.

गोदाकाठ_गंगाखेड

पोस्टकार्ड सरकवून पाहिले. करंगळीच्या बाजूला ते नखाच्या जाडीपेक्षा थोडे जास्तच आत जाते. येत्या रविवारी सकाळी तो कोपरा उघडतो आणि पट्टीखाली पाचर ठेवून बांधतो.